रायगडाचं माहितीपत्रक इटालियनमध्ये: छत्री, साडीचोळी आणि टकमक टोकाचं काय करायचं?

मृण्मयी_पुणे (धागाकर्ती)

एका सहल कंपनीचं काम घेतलंय आणि आता झोप उडाली आहे. रायगडावरचं आठ पानी मराठी माहितीपत्रक इटालियनमध्ये न्यायचंय. इटालियन मी पुण्यात शिकले, मग दीड वर्ष पेरुजात काढलं, त्यामुळे व्याकरणाची भीती नाही. पहिला मसुदा चार दिवसांत झाला. तो पेरुजाच्या मैत्रिणीला वाचायला पाठवला. ती भारतात कधी आलेली नाही, म्हणजे आमची खरी गिऱ्हाईक तीच. तिने भाषेच्या चुका दोनच काढल्या आणि वर हे तीन प्रश्न विचारले:

"राजाला 'छत्रीचा मालक' का म्हणतात?"

"बाई जिवावर उदार होऊन कडा उतरली, आणि राजाने तिला ब्लाउज दिला?"

"समाधीपाशी आम्हालाही ध्यानाला बसता येईल का? चटई न्यायची का?"

तिसऱ्या प्रश्नानंतर मी लॅपटॉप मिटला. तळटीपा द्यायच्या नाहीत अशी अट आहे, आणि इटालियन मजकूर आधीच पानाबाहेर चाललाय. म्हणजे प्रत्येक ठिकाणी फार तर अर्धं वाक्य जादा मिळेल. अशा जागी तुम्ही काय कराल?

गडप्रेमी_आबा

पोरी, चांगलं काम हाती घेतलंस. एवढी वळणं कशाला घेतेस पण? इटलीच्या लोकांना एका वाक्यात सांग, शिवाजी महाराज म्हणजे आमचे गॅरिबाल्डी. सावरकरांनी १९०७ साली मॅझिनीचं चरित्र मराठीत आणलं, तेव्हापासून हा दुवा आहेच. आणि त्यांचा प्रवासी मनुची तर स्वतः रायगडावर येऊन महाराजांना भेटलाय, ते पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात टाक.

सुहास_ठाणे

वा, छान धागा. आम्ही मेमध्ये रोम-व्हेनिस करतोय, चौघं. तिथे शाकाहारी जेवणाची सोय कशी आहे? जाणकारांनी सांगावं.

वेणू_तोरिनो

सुहासजी, वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहिते.

आबा, मनुचीचं अर्धं बरोबर आहे. तो व्हेनिसचाच, आणि महाराजांशी बोललाही. पण ती भेट १६६५ची, पुरंदरच्या वेढ्याच्या वेळची, मिर्झाराजा जयसिंहाच्या छावणीतली. मनुची तेव्हा जयसिंहाच्या चाकरीत होता. त्याने स्वतः लिहून ठेवलंय की रात्री जयसिंहाबरोबर पत्ते खेळत बसला असताना महाराज तंबूत आले, आणि हा कुठला राजा असं त्यांनी विचारलं. रायगडाशी या प्रसंगाचा संबंध नाही. मृण्मयी, हा प्रसंग घे, पण "छावणीत" हा शब्द गाळू नकोस. इटालियन वाचक मनुचीचं लिखाण उघडून बघू शकतो, आणि तिथे रायगड सापडला नाही की उरलेल्या पानांवरचाही त्याचा विश्वास उडेल.

गॅरिबाल्डीला मात्र माझा ठाम विरोध आहे. मी चौदा वर्षं इथे राहते, आणि आमच्या शहरात गॅरिबाल्डी हे नाव नुसतं उच्चारलं तरी लोक वाद घालायला बसतात. त्याने दक्षिण इटली जिंकली आणि १८६०मध्ये तेआनोला राजाला भेटून ती त्याच्या हवाली केली. शाळेत प्रत्येकाला हेच शिकवतात: जिंकलं आणि देऊन टाकलं. तुझ्या माहितीपत्रकाचा गाभा काय, तर या गडावर एका माणसाने स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला. ज्या गोष्टीसाठी रायगड बघायचा, तिच्या बरोबर उलटं चित्र वाचकाच्या डोक्यात तयार होईल.

गडप्रेमी_आबा

बरं, मनुचीचं मान्य. गॅरिबाल्डीचं अजून पटलेलं नाही, पण तू तिथे राहतेस, तुला जास्त कळतं. मग मावळ्यांना "आल्पिनी" म्हणूया का? डोंगरातली फौज, काटक माणसं.

वेणू_तोरिनो

आल्पिनी म्हटलं की टोपीत पीस खोचलेला माणूस दिसतो, आबा. तो गाणी म्हणतोय, हातात वाईनचा पेला. ती फौज १८७२ची. "सह्याद्रीच्या खोऱ्यातले डोंगरकरी" एवढं साधं लिहिलं तरी चालतं, "मोंतानारी" हा शब्द त्यांना आपला वाटतो.

आता छत्री. मृण्मयी, तू "ओंब्रेल्लो" लिहिलंस ना? तो पावसाचा छत्रा झाला, बसस्टॉपवर विसरतो तसला. पण छत्र ही गोष्ट इटलीला परकी अजिबात नाही, हे तुझ्या मैत्रिणीला आठवलं नाही इतकंच. दोजे म्हणजे व्हेनिसचा राज्यप्रमुख, त्याच्या मिरवणुकीत त्याच्यावर छत्र धरायचे. ते पोप अलेक्झांडर तिसऱ्याने ११७७ साली दिलं अशी तिकडची परंपरा सांगते. आणि आजही कुठल्याही बॅसिलिकात गेलं की वेदीच्या बाजूला लाल-पिवळ्या पट्ट्यांची अर्धवट उघडलेली छत्री उभी असते. म्हणून "छत्रपती" शब्द तसाच ठेव आणि पुढे एवढंच जोड: "राजछत्राचा धनी, जसं छत्र व्हेनिसच्या दोजेवर धरलं जाई". काम झालं. बाकी सगळीकडे नुसतं "छत्रपती".

मृण्मयी_पुणे

दोजे! आणि मी "पारासोले"वर अडून बसले होते, म्हणजे नुसती उन्हाची छत्री.

कपिल_स्थापत्य

मी भाषेतला नाही, पडके वाडे आणि तटबंद्या मोजतो. बुरुजासाठी काय शब्द वापरलाय? "बास्तिओने" असेल तर बदला. बॅस्टियनचं मूळच इटलीत आहे. तोफांच्या काळात त्यांनी कोनाकोनाचे, बाणाच्या टोकासारखे बुरुज काढले. लुक्काची तटबंदी बघा, किंवा पाल्मानोव्हाचा नकाशा, अख्खं गाव चांदणीसारखं. इटालियन माणूस तो शब्द वाचून महादरवाजापाशी टोकदार कोन शोधत बसेल. आपले तिथले दोन्ही बुरुज गोल आहेत. "तोर्रिओने" हा त्यांचा गोल, जाडजूड बुरुजाचा शब्द. तो बसतो.

तसंच महादरवाजा लांबून दिसत नाही, बुरुजांच्या कुशीत वळून जावं लागतं, याचं मराठी पत्रकात चार ओळींचं कौतुक असणारच. इटालियन किल्ल्यांच्या भाषेत अशा वाटेला "कोपरासारखं वळलेलं प्रवेशद्वार" म्हणतात, अगदी रूढ शब्द आहे. चार ओळी दोन शब्दांत होतील आणि तुमची जागा वाचेल.

"किल्ला" म्हणून काय लिहिलंय?

मृण्मयी_पुणे

"कास्तेल्लो".

कपिल_स्थापत्य

मग लोक झालरीचे पडदे आणि सरदाराचं शयनगृह बघायला येतील. "रोक्का" करा. डोंगरमाथ्यावरच्या लढाऊ किल्ल्याचा तो त्यांचा स्वतःचा शब्द आहे, सान लेओची रोक्का कड्यावर बसलेली फोटोत बघा, आपल्या माणसाला घरचं वाटेल. अडचण एकच. रोक्का सहसा आटोपशीर असते, आणि रायगडाचा माथा म्हणजे राजवाडा, बाजारपेठ, तलाव, देऊळ असं सगळं शहर. म्हणून पहिल्यांदा "राजधानीची रोक्का" लिहा, पुढे नुसतं रोक्का.

शर्वरी_नागपूर

माझा एक प्रामाणिक प्रश्न. हे सगळं त्यांच्या ओळखीचं करून द्यायचंच कशाला? माणूस एवढे पैसे खर्चून येतो ते अनोळखी बघायलाच ना? आम्ही युरोपात जातो तेव्हा तिकडचं पत्रक "हे तुमच्या पंढरपूरसारखं" असं कुठे सांगतं? मी फ्रेंच पाहुण्यांसाठी एका हॉटेलचा मेनू केला होता. मालकाने पुरणपोळीला "क्रेप" लिहायला लावलं. पाहुण्यांनी क्रेप समजून मागवली, त्यात डाळ निघाली, ताट परत. त्यानंतर मी पुरणपोळीला पुरणपोळीच लिहिते आणि आत काय आहे ते सांगते.

वेणू_तोरिनो

शर्वरी, तुझं उदाहरण मी उद्या मुलांना सांगणार आहे. आणि निम्मं पटतंही. "क्रेप" लिहिलं तेव्हा पदार्थाचं नावच गेलं. छत्रपतीच्या बाबतीत नाव जागेवर आहे, दोजे फक्त एका उपवाक्यापुरता येऊन जातो.

टकमक टोकाचंही मी तसंच करीन. रोमच्या कॅपिटोल टेकडीचा एक कडा आहे, रुपे तार्पेआ. देशद्रोह्यांना तिथून ढकलून द्यायचे, शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. टकमक टोकावरून कडेलोट व्हायचा. "रायगडाची रुपे तार्पेआ" एवढे तीन शब्द आणि वाचकाच्या पोटात गोळा. पण कपिलदादा म्हणतील तेही लिही: रोमचा कडा आज इमारतींमध्ये दबलाय, बघून माणूस म्हणतो, एवढाच? टकमकाखाली दरी आहे. तुलना शिक्षेपुरती ठेव, उंचीची करू नकोस.

गडप्रेमी_आबा

हे बेष्ट. टकमकावर वारा असा असतो की टोपी राहत नाही. तेही लिहा, आणि कठड्यापलीकडे जाऊ नका म्हणून ठळक लिहा.

मृण्मयी_पुणे

आता हिरकणी. मूळ मराठीत असं आहे: "कोजागिरीच्या दिवशी दूध घालायला आलेली हिरकणी गवळण दरवाजे बंद झाल्याने गडावर अडकली. घरी तान्हं बाळ. ती माउली रात्री कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा साडीचोळी देऊन सन्मान केला आणि त्या जागी बुरूज बांधला." माझ्या मसुद्यात साडीचं "सारी" झालं आणि चोळीचं "कामिचेत्ता". तिथेच घोटाळा.

वेणू_तोरिनो

चोळी हे कापड आहे म्हणून तू कापडाचं भाषांतर केलंस. साडीचोळी कोण देतं? बाप देतो, भाऊ देतो. माहेरची रीत. महाराजांनी तिला लेक मानली, सगळा भार त्यावर आहे. मी असं करीन: "राजाने तिला मानाचं वस्त्र दिलं, जसं बाप लग्न झालेल्या लेकीला देतो." ब्लाउज गेला, बाप आला.

कोजागिरीला "शरदातली पौर्णिमा" पुरे. त्यात फायदाही आहे, कडा उतरायला उजेड कुठून आला ते आपोआप कळतं. आणि क्रियापद. मूळ पत्रकात राज्याभिषेक आणि हिरकणी एकाच सुरात सांगितलेत. मराठी माणसाला आख्यायिका कुठली नि इतिहास कुठला ते सुरावरून कळतं. इटालियनला "सी नार्रा के", म्हणजे "सांगतात की", एवढा दिवा लावावा लागतो. तो एकदा लावलास की पुढे कुणी पुरावा मागणार नाही, आणि राज्याभिषेकाच्या पानावर तो दिवा नाही हेही त्याच्या लक्षात येईल.

मृण्मयी_पुणे

केलं. "सांगतात की शरदाच्या एका पौर्णिमेला, दरवाजे मिटल्यावर, हिरकणी नावाची गवळण गडावर अडकली. खाली झोपडीत तान्हं मूल होतं. चांदण्यात ती तो कडा उतरली, जिथून कुणी उतरू शकेल असं कुणालाही वाटलं नव्हतं. राजाने तिला मानाचं वस्त्र दिलं, जसं बाप लेकीला देतो, आणि कड्यावर हा बुरूज उभारला." मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवलं. या वेळी प्रश्न नाही, फक्त "ए पोई?", म्हणजे पुढे?

"माउली" मात्र गेली. "ती आई" लिहून बघितलं, इटालियनमध्ये रडकं वाटतं.

कपिल_स्थापत्य

जगदीश्वराच्या पायरीवरच्या, गड बांधणाऱ्या हिरोजीच्या ओळीचं काय केलंत? "सेवेचे ठायी तत्पर". इटलीतल्या चर्चमध्ये जमिनीत नाव कोरलेल्या शिळा असतात, लोक त्यावरून चालत जातात. भक्तांची पायधूळ लागावी म्हणून पायरीवर नाव, ही कल्पना त्यांना लगेच कळेल.

वेणू_तोरिनो

कळेल, पण त्या शिळा थडग्यांच्या असतात. हिरोजीला त्या पायरीखाली पुरलंय असं वाटेल. देवळात थडगं, मग पुढचे प्रश्न कोण निस्तरणार?

गडप्रेमी_आबा

त्या पायरीवरचं नाव काही जण "इंदुलकर" वाचतात, काही "इटळकर". इटळकर म्हणजे इटलीचा! बघा, लागला दुवा.

शर्वरी_नागपूर

आबा :)

थडग्यावरून आठवलं, समाधीचं काय ठरलं? चटईवाल्या बाई?

वेणू_तोरिनो

"तोंबा" नको, कारण दफन नाही. नुसतं "समाधी" ठेवलं तर योगवर्गाला जाणारे अर्धे इटालियन डोळे मिटून बसतील, कारण त्यांना तो शब्द तिथूनच माहीत आहे. "दहनाच्या जागी उभारलेलं स्मारक" असं लिही. पाचाडच्या जिजाबाईंच्या समाधीलाही शब्द तोच ठेव, दोन ठिकाणी दोन शब्द करू नकोस.

होळीच्या माळावर "रंगांचा सण" लिहिलं असशील तर तेही काढ. इटलीत होळी म्हणजे तोंडावर पावडर उडवण्याची पार्टी झाली आहे. गडावर होळी पेटायची. "फालो" लिही, म्हणजे मोठा जाळ. जानेवारीत इथे गावोगाव पेटवतात, लोकांना बरोबर कळतं.

आणि एक गोष्ट जी कुणीच काढली नाही: ऑगस्ट. मराठी पत्रकात "पावसाळ्यात गडाचं रूप खुलतं" असं वाक्य असणारच.

मृण्मयी_पुणे

आहे. पहिल्याच पानावर.

वेणू_तोरिनो

इटालियन माणसाची मोठी सुट्टी ऑगस्टमध्ये. त्याला उन्हाळा म्हणजे ऑगस्ट. तो हे वाक्य वाचून सँडल घालून येणार, आणि वर धुकं असं की नगारखाना दहा पावलांवर आला तरी दिसत नाही. पायऱ्या निसरड्या, वादळवारं असलं तर रोपवे बंद. आपल्या वाचकाला "खुलतं"मध्ये चिंब भिजणं गृहीत असतं, त्याला नसतं. सरळ लिही: जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस, दृश्य दिसेलच असं नाही, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

चढाईला "मध्यम" लिहू नकोस. इटालियन गिर्यारोहण मंडळाची अक्षरी श्रेणी असते, सोप्याकडून अवघडाकडे टी, ई, दुहेरी ई. पायवाटेच्या पाट्यांवर आणि नकाशांवर तीच असते. पायऱ्यांच्या वाटेला मी "ई" देईन. वाट सोपी आहे, पण दीड हजाराच्या आसपास पायऱ्या आणि ऊन. आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर लिहिलंस तर तो विचारेल, मी स्वतः किती मीटर चढायचं? पायथ्याची उंची वजा करून तो आकडा दे.

निनाद_पंचांग

उशिरा आलो. राज्याभिषेकाची तारीख काय टाकताय?

मृण्मयी_पुणे

६ जून १६७४. यात काय वाद?

निनाद_पंचांग

वाद नाही, गंमत आहे. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. त्याची ६ जून ही इंग्रजांच्या तेव्हाच्या जुन्या, ज्युलियन पंचांगातली तारीख. इटलीने नवीन पंचांग १५८२ सालीच घेतलं होतं, इंग्लंडने १७५२मध्ये. म्हणजे त्या दिवशी रोममधल्या माणसाच्या भिंतीवर १६ जून होता. तुम्ही इटालियन वाचकाला इटालियनमध्ये, इंग्रजांच्या जुन्या पंचांगातली तारीख सांगताय.

कपिल_स्थापत्य

हे बरोबर आहे, दहा दिवसांचा फरक. पण गडावर सोहळा ६ जूनलाच होतो, पाट्यांवर तीच तारीख. पत्रकात १६ आणि पाटीवर ६ असेल तर लोक छापणाऱ्याला वेड्यात काढतील.

निनाद_पंचांग

तिथीनेही होतो ना सोहळा. तिथी द्या, भांडण मिटतं.

शर्वरी_नागपूर

इटालियन बाईला त्रयोदशी? तळटीप नाही म्हणाल्या त्या.

गडप्रेमी_आबा

६ जूनच ठेवा. आमच्या लहानपणापासून ६ जून.

वेणू_तोरिनो

मला निनादचं पटतं, आणि मी तरी ६ जूनच छापीन. दोन्ही एकदम. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

नावांचं राहिलंच. इटालियनमध्ये सी-एच हा जोड "क" होतो, एच मुका असतो, आणि जे बरेच जण "य" वाचतात. त्यामुळे पाचाडचं "पाकाद", हिरकणीचं "इरकानी", जिजाबाईंचं "यियाबाई" होतं. स्पेलिंग मात्र बदलू नकोस, रस्त्यावरच्या पाट्यांशी जुळायला हवं. शेवटच्या पानावर सात-आठ नावांचे उच्चार इटालियन वर्णांत दे, बस.

सुहास_ठाणे

पिठलं-भाकरीला इटालियनमध्ये काय म्हणतात? (तिकडे मिळेल का, म्हणून विचारतोय.)

वेणू_तोरिनो

सुहासजी, चुकून तुम्ही कामाचा प्रश्न विचारलात. बेसन म्हणजे "फारीना दी चेची", जेनोव्हा आणि पालेर्मोत त्याचे पदार्थ रस्त्यावर मिळतात. मृण्मयी, "हरभऱ्याच्या पिठाचं घट्ट, तिखट पिठलं, सोबत तांदळाची भाकरी" असं लिही आणि शर्वरीच्या पुरणपोळीसारखं नाव तसंच राहू दे. भाकरीपुढे "ग्लुटेन नाही" घाल, इटालियन लोक ते आधी बघतात. पण खाली झोपडीत तव्यावर गव्हाची पोळीही भाजतात का, ते विचारून मगच घाल.

मृण्मयी_पुणे

आज अंतिम प्रत दिली. दोजे राहिला, रुपे तार्पेआ राहिली. मनुची तिसऱ्या पानावर, छावणीसकट. हिरोजीची ओळ "सेवेला सदैव तत्पर" अशी साधी ठेवली, शिळांची तुलना गाळली. "ग्लुटेन नाही" काढावं लागलं, तवा एकच आहे. तारखेचं कंपनीला विचारलं, त्यांनी एका शब्दात कळवलं: "६". निनाद, मी कंसात तिथी घालून पाठवली होती, मांडणीवाल्याने जागा नाही म्हणून उडवली. दुसऱ्या आवृत्तीला परत भांडेन.

आबा, तुमचा इटळकरचा विनोद मैत्रिणीला सांगितला. समजावून द्यायला दहा मिनिटं लागली, आणि मग ती म्हणाली, हे का नाही घातलंस पत्रकात?